उशी डोक्याखाली नव्हे, खांद्याखाली
अंथरुणात कूस बदलताना येणारी चक्कर आणि घरी करावयाची एप्ले क्रिया
(आरोग्य केंद्रातील रुग्णशिक्षण सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एकाच प्रकारच्या चक्करीविषयी बोलणार आहे. ही चक्कर डोक्याची स्थिती बदलली की येते आणि डोके स्थिर ठेवले की साधारणतः एका मिनिटाच्या आत थांबते. पहाटे कूस बदलताना, अंथरुणातून उठताना, माळ्यावरचा डबा पाहण्यासाठी मान वर करताना किंवा वाकून काही उचलताना खोली गरगर फिरू लागते. वैद्यकीय भाषेत हिला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. आपल्यापैकी ज्यांना तपासणीनंतर डॉक्टरांनी हे निदान सांगितले आहे आणि घरी करण्यासाठी एप्ले क्रिया लिहून दिली आहे, त्यांच्यासाठी हे भाषण आहे.

प्रथम एक अनुभव सांगते. साधारण साठीच्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. एके दिवशी पहाटे त्या उजव्या कुशीवर वळल्या आणि छत फिरू लागले. अर्ध्या मिनिटात ते थांबले, पण पाठोपाठ उलटी झाली. घरच्यांना वाटले, पित्त झाले असावे. शेजारी म्हणाले, मानेचा मणका असेल. मावशींनी भीतीने आडवे होणेच सोडले. आठ रात्री त्या खुर्चीत बसून झोपल्या. औषधाच्या दुकानातून चक्कर थांबविण्याच्या गोळ्या आणून घेतल्या. त्यांनी मळमळ थोडी कमी झाली, परंतु कूस बदलली की खोली पुन्हा फिरतच होती.

डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या पलंगावर बसविले, मान एका बाजूला वळविली आणि झटकन पाठीवर निजवून डोके किंचित मागे झुकविले. या चाचणीला डिक्स-हॉलपाइक चाचणी म्हणतात. उजवीकडे मान वळवून निजविल्यावर दोन-चार सेकंद काहीच झाले नाही. मग बुबुळे ठरावीक दिशेने झटके देऊ लागली आणि मावशींनी माझा हात घट्ट धरला. थोड्याच वेळात सारे शांत झाले. डावीकडे तीच चाचणी केली असता काहीही झाले नाही. म्हणजे दोष उजव्या कानात होता. डॉक्टरांनी तेथेच एकदा एप्ले क्रिया केली आणि घरी करण्यासाठी कागद दिला.

चार दिवसांनी मावशी परत आल्या. म्हणाल्या, “सिस्टर, रोज तीनदा करते, घड्याळ लावून करते. काडीचाही फरक नाही.” मी म्हटले, “मावशी, घरी जशी करता तशीच मला करून दाखवा.” त्यांनी करून दाखविली आणि दोन चुका लगेच दिसल्या. त्या दोन चुका आपल्याला समजाव्यात म्हणून आधी कानाच्या आत काय घडते ते पाहू.

आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारी रचना असते. तिच्या एका कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण चिकट थरात रुतलेले असतात. हे कण तेथे असणे हे निसर्गाचेच काम आहे. त्यांच्यामुळे आपल्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. वाढत्या वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे आणि पुष्कळदा कोणतेही कारण न सापडता त्यातील काही कण सुटतात. कप्प्याला लागूनच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांपैकी मागील नलिका सर्वांत खाली असल्यामुळे सुटलेले कण बहुधा तिच्यात उतरतात. मग आपण कूस बदलली की कण घरंगळतात आणि आतील द्रव हलवितात. डोके स्थिर असले तरी कान मेंदूला कळवितो की डोके फिरते आहे. कण तळाशी बसले की हा खोटा निरोप थांबतो. म्हणूनच ही चक्कर काही सेकंदांची असते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गोळीने मळमळ कमी होऊ शकते, पण गोळी नलिकेतील कण जागचा हलवू शकत नाही. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास वृद्ध व्यक्तींमध्ये सुस्ती आणि पडण्याचा धोका वाढतो. काहींमुळे हातापायांना कंपही येतो. त्या स्वतःच्या मनाने सुरू ठेवू नयेत. दोन, कण बाहेर काढण्यासाठी डोके योग्य क्रमाने फिरवावे लागते. जॉन एप्ले या अमेरिकन कर्णशल्यतज्ज्ञांनी मांडलेली ही पद्धत १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि आज जगभर वापरली जाते.

गवंडी दोन भिंतींची पातळी जुळविण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती आपण पाहिली असेल. समजा, त्या नळीत वाळूचा एक कण अडकला आहे. तो बाहेर काढायचा असेल तर नळी थोडी कलवावी लागते, कण घसरून खाली येईपर्यंत थांबावे लागते, मग आणखी कलवावी लागते. मध्येच नळी उलट उचलली तर कण पुन्हा आत जातो. एप्ले क्रिया म्हणजे नेमके हेच आहे. नळीच्या जागी आपले डोके आणि कलविण्याच्या जागी मानेची चार वळणे.

आता मावशींच्या चुका. पहिली चूक उशीची. रोजच्या सवयीने त्यांनी जाड उशी डोक्याखाली घेतली होती. त्यामुळे डोके मागे झुकण्याऐवजी पुढे उचललेले राहत होते आणि नलिका कण घसरण्याइतकी कलतच नव्हती. दुसरी चूक अशी की, दुसऱ्या स्थितीतून तिसऱ्या स्थितीत जाताना त्या “किती सेकंद झाले गं?” असे सुनेला विचारण्यासाठी डोके उचलत. म्हणजे कण निम्म्या वाटेवर आला की त्या नळी उलट उचलत होत्या. बाकी सारे बरोबर असूनही चार दिवसांचे श्रम वाया गेले होते.

आता क्रिया पाहू. ही मांडणी उजव्या कानासाठी आहे. आपला दोष कोणत्या कानात आहे हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले असावे. लिहिलेले नसेल तर विचारून घ्यावे. अंदाजाने कान ठरवू नये, कारण चुकीच्या बाजूने केलेल्या क्रियेने कण बाहेर येत नाहीत.

तयारी

पलंगावर पाय लांब करून बसावे. मागे उशी अशी ठेवावी की निजल्यावर ती खांद्यांखाली येईल आणि डोके तिच्या पलीकडे गादीवर टेकेल. निजून एकदा पाहावे : हनुवटी किंचित वर आणि डोके खांद्यांपेक्षा थोडे खाली असेल तर उशी बरोबर आहे. उजव्या कानासाठी क्रिया करताना शेवटी डाव्या कडेने उठावे लागते, म्हणून पलंगाची डावी बाजू भिंतीला लागलेली नसावी. त्या बाजूला घरातील एक जाणती व्यक्ती उभी राहावी. सेकंद तिने मोठ्याने मोजावेत, म्हणजे आपल्याला डोके उचलावे लागणार नाही. जेवणानंतर किमान दोन तास झालेले असावेत. उलटीसाठी जवळ एखादे भांडे ठेवावे. चष्मा काढून ठेवावा.

क्रिया : उजव्या कानासाठी

१. बसलेल्या स्थितीत मान उजवीकडे ४५ अंश वळवावी. नाक समोर आणि नाक खांद्याच्या रेषेत, या दोहोंच्या बरोबर मध्ये ही स्थिती येते.

२. मान तशीच वळलेली ठेवून झटकन, पण धक्का न बसता, पाठीवर निजावे. खांदे उशीवर, डोके मागे गादीवर. डोळे उघडे ठेवावेत. ३० सेकंद थांबावे. येथे चक्कर येणे अपेक्षित आहे. चक्कर ३० सेकंदांनंतरही चालू असेल तर ती थांबेपर्यंत तेथेच राहावे.

३. डोके न उचलता, गादीवर टेकलेलेच ठेवून, मान डावीकडे ९० अंश वळवावी. आता नाक डावीकडे ४५ अंशांवर असेल. ३० सेकंद थांबावे.

४. मान धडाशी तशीच वळलेली ठेवून संपूर्ण शरीर डाव्या कुशीवर वळवावे. आता नाक खाली, जमिनीकडे तिरपे येईल. ३० सेकंद थांबावे. येथे पुन्हा थोडी चक्कर येऊ शकते.

५. हनुवटी छातीकडे किंचित झुकवून, पाय डाव्या कडेने खाली सोडत, हातांच्या आधाराने हळूहळू उठून बसावे. उठताना मागे ओढल्यासारखे वाटू शकते, म्हणून सोबतच्या व्यक्तीने पाठीला हात द्यावा. लगेच उभे राहू नये. किमान दहा मिनिटे बसून राहावे.

डाव्या कानासाठी हीच क्रिया उजवे-डावे उलट करून करावी : आरंभी मान डावीकडे, शेवटी उजव्या कुशीवर, आणि उठणे उजव्या कडेने.

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसातून तीन वेळा ही क्रिया करावी. एक फेरी रात्री झोपण्यापूर्वीची असली तर सोयीचे पडते, कारण नंतर चालण्या-फिरण्याची गरज नसते. सलग २४ तास डोक्याची स्थिती बदलूनही चक्कर आली नाही, तर क्रिया थांबवावी. त्यानंतर ‘पुन्हा येऊ नये’ म्हणून रोज करीत राहण्याची आवश्यकता नाही. पूर्वी क्रियेनंतर रात्रभर बसून झोपण्यास सांगत असत. तशी सक्ती आता केली जात नाही, नेहमीप्रमाणे झोपावे.

आपण क्रिया करीत असताना चक्कर आली की घाबरून उठून बसणे ही सर्वांत स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. मावशींचेही तेच होत असे. त्यांना मी सांगितले की दुसऱ्या पायरीवर येणारी चक्कर ही कण हलू लागल्याची खूण आहे. त्या क्षणी उठलात तर तो परत जागेवर जाईल. तेथेच पडून राहा, श्वास संथ घ्या, आणि सुनेला मोजू द्या.

ही क्रिया घरी कोणी करू नये

मानेच्या मणक्यांचा तीव्र आजार, मानेची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा दुखापत, मानेत पसरलेला संधिवात, मान मागे नेल्यावर हातांत मुंग्या किंवा अशक्तपणा येणे, मानेतील रक्तवाहिन्या अरुंद असल्याचे निदान, यापूर्वी झालेला पक्षाघात, डोळ्यातील दृष्टिपटल सुटण्याचा आजार, आणि आडवे झाल्यावर धाप लागणारा हृदयविकार : यांपैकी काहीही असेल तर घरी क्रिया करू नये. अशा रुग्णांसाठी डॉक्टर वेगळी पद्धत निवडतात किंवा स्वतः आधार देऊन क्रिया करतात. गर्भवती स्त्रियांनी आणि अतिवृद्ध व्यक्तींनीही आधी विचारावे. एकटे असताना कोणीच करू नये.

ही चक्कर ती नव्हे, हे कसे ओळखावे

ही या भाषणातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. सर्व प्रकारची चक्कर कानातील कणांमुळे येत नाही. मेंदूच्या मागील भागातील रक्तपुरवठा खंडित झाला तरीही चक्कर येते, आणि तेथे घरी मान फिरवीत बसणे म्हणजे उपचाराचा मोलाचा वेळ दवडणे होय. कणांची चक्कर डोके हलविल्यावर येते आणि डोके स्थिर ठेवले की थोड्या वेळात शमते. मधल्या वेळात मनुष्य बोलू शकतो, हात उचलू शकतो, आधाराने का होईना चालू शकतो.

याउलट, डोके स्थिर असतानाही चक्कर तासन्‌तास चालू राहिली; एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या; बोलणे अडखळले; गिळणे अवघड झाले; चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली; हातापायांतील शक्ती गेली किंवा बधिरता आली; आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येईना; पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी सुरू झाली; किंवा शुद्ध हरपली, तर एप्ले क्रिया करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तत्काळ रुग्णालयात जावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कणांच्या चक्करीत ऐकणे कमी होत नाही.

क्रियेमुळेही क्वचित एक गुंतागुंत होते. मागील नलिकेतून निघालेला कण घरी परतण्याऐवजी शेजारच्या आडव्या नलिकेत शिरतो. तसे झाले तर पडल्या-पडल्या डावीकडे वळा वा उजवीकडे, दोन्हीकडे पूर्वीपेक्षा जोरदार चक्कर येते. ही धोक्याची बाब नाही, परंतु तिचा उपाय वेगळा आहे. म्हणून तीच क्रिया पुन्हा-पुन्हा न करता डॉक्टरांकडे जावे. आठवडाभर नीट क्रिया करूनही फरक पडला नाही, तरीही परत यावे. बहुतेक वेळा कान चुकलेला असतो, उशी चुकलेली असते, किंवा कारणच दुसरे असते. यांतील कोणतीही चूक घरी बसून कळत नाही. आमच्यासमोर करून दाखविली की दोन मिनिटांत कळते.

चक्कर पूर्ण थांबेपर्यंत स्टुलावर वा शिडीवर चढू नये, वाहन चालवू नये, विहिरीच्या काठावर किंवा चुलीपाशी एकट्याने वाकून काम करू नये. रात्री उठण्यापूर्वी अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असू द्यावा. या आजारात कानातील कणांनी जितके नुकसान होत नाही तितके पडून झालेल्या खुब्याच्या अस्थिभंगाने होते.

मावशींना आम्ही त्या दिवशी तीच क्रिया पुन्हा शिकविली. घरची चादर चौघडी करून खांद्यांखाली ठेवण्यास सांगितले, कारण त्यांची उशी फार जाड होती. पलंग उजव्या बाजूच्या भिंतीकडे सरकवून डावी बाजू मोकळी करविली. सुनेला सेकंद मोठ्याने मोजण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कूस बदलताना चक्कर आली नाही. त्यानंतरचे काही दिवस चालताना किंचित तरंगल्यासारखे वाटत होते. कण परतल्यावरही मेंदूला जुळवून घेण्यास थोडा काळ लागतो, त्यामुळे असे वाटू शकते; ते बहुधा आपोआप ओसरते आणि त्यासाठी क्रिया वाढवावी लागत नाही.

हा आजार काही महिन्यांनी वा वर्षांनी परत येऊ शकतो, हे मी मावशींना तेव्हाच सांगून ठेवले. परत आला तर तो त्याच कानात असेल असे गृहीत धरू नये. आधी चाचणी, मग बाजू, मग क्रिया, हाच क्रम पुन्हा पाळावा. त्यांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवून ठेवला आहे. त्यावर त्यांच्या सुनेने लाल शाईने दोनच ओळी लिहिल्या आहेत : ‘उजवा कान. उशी खांद्याखाली.’

आपणही घरी गेल्यावर डॉक्टरांच्या कागदावर आपला कान आणि आपली बाजू अशीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. पहिली क्रिया घरी करण्यापूर्वी आमच्यासमोर एकदा करून दाखवावी. बाहेर मांडलेला पलंग त्यासाठीच आहे. ज्यांना आत्ता करून पाहायची आहे त्यांनी सोबतच्या व्यक्तीसह थांबावे.